रस्त्याच्या कामामुळे दुकानात ग्राहक पोहोचत नाहीत : गाळामालकांना भाडेसवलतीसाठी लिहिलेल्या पत्रावर मत हवे आहे

रंगपेटी | २२ मार्च, रात्री ९.४०

माझे रंग, पाइप आणि नळजोडणीच्या सामानाचे दुकान आहे. गाळा भाड्याचा असून करार पाच वर्षांचा, नोंदणीकृत ‘लिव्ह अँड लायसन्स’ स्वरूपाचा आहे आणि सध्या त्याचे तिसरे वर्ष चालू आहे. भाडे दरमहा ३०,००० रुपये असून दर वर्षी १ जुलैपासून त्यात ५ टक्के वाढ होते. दिवाळीनंतर, नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात, आमच्या रस्त्याचे काँक्रिटीकरण सुरू झाले. आधी दुकानांच्या ओळीला लागून पावसाळी गटारासाठी चर खोदला गेला, नंतर आमच्या बाजूचा अर्धा रस्ता उकरला गेला, आणि आता चर ओलांडण्यासाठी टाकलेल्या लोखंडी पत्र्यावरून एकेक माणूस कसाबसा दुकानात येतो. वीस लिटरची बादली किंवा सहा मीटरचा पाइप उचलून शंभर-दीडशे मीटरवर उभ्या केलेल्या गाडीपर्यंत नेण्याची तयारी कोणाचीच नसते, हे सांगायला नको.

गाळ्याच्या मालकीणबाई वयस्कर आहेत, मी त्यांना काकू म्हणतो. आजवर भाडे कधी थकवलेले नाही आणि मार्चचे भाडेही भरले आहे. आता त्यांना पत्र द्यावे असे ठरवले असून पहिला मसुदा खाली देत आहे.

“माननीय महोदया, आपणास ज्ञात आहेच की, गेल्या पाच महिन्यांपासून रस्त्याच्या कामामुळे माझा धंदा पूर्णपणे बुडालेला आहे. अशा परिस्थितीत भाडे देणे मला शक्य नाही. तरी नोव्हेंबरपासून भाडे निम्मे करावे व रस्ता सुरळीत होऊन धंदा पूर्ववत होईपर्यंत तेच भाडे आकारावे, अन्यथा मला वेगळा विचार करावा लागेल.”

यात काय बदलावे, हे अनुभवी मंडळींनी सांगावे.

विवेक_ना | २२ मार्च, रात्री १०.१५

विनंती करण्याची गरजच नाही, असे माझे मत आहे. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०८ मध्ये स्पष्ट तरतूद आहे की, भाडेकरूच्या हाताबाहेरच्या कारणाने जागा वापरण्यायोग्य राहिली नाही, तर भाडेपट्टा रद्द ठरवण्याचा हक्क भाडेकरूला असतो. जो भाडेपट्टाच रद्द करू शकतो, तो भाडे कमी का मागू शकणार नाही? शिवाय करोनाच्या काळात सरकारने तीन महिन्यांचे भाडे माफ केलेच होते. पत्रात हे कलम ठळकपणे लिहावे आणि सवलत मिळेपर्यंत भाडे रोखून धरावे.

दिवाणी | २२ मार्च, रात्री ११.०५

विवेक यांनी सांगितलेली तरतूद अस्तित्वात आहे, परंतु ती येथे लागू पडत नाही, आणि तिच्या भरवशावर भाडे रोखले तर रंगपेटी यांचेच नुकसान होईल.

ती तरतूद आग, वादळ, पूर, सैन्याचा किंवा जमावाचा हिंसाचार अथवा अशाच अनिवार्य शक्तीमुळे खुद्द जागेचा महत्त्वाचा भाग पूर्ण नष्ट झाला किंवा कायमचा निरुपयोगी झाला, तर काय करायचे याविषयी आहे. येथे गाळा जसाच्या तसा उभा आहे. अडला आहे तो त्याच्याकडे येणारा रस्ता, आणि तोही काही महिन्यांसाठी. दुसरे असे की, ते कलम भाडेपट्ट्याचे आहे आणि यांचा करार ‘लिव्ह अँड लायसन्स’चा आहे. तिसरी गोष्ट म्हणजे, ती तरतूद लागू झाली तरी तिच्यातून मिळतो तो करार संपवण्याचा पर्याय; जागा ताब्यात ठेवून भाडे कमी करण्याचा नव्हे. मे २०२० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयासमोर खान मार्केटमधील एका दुकानाचे असेच प्रकरण आले होते. टाळेबंदीत दुकान बंद असल्याने भाडे स्थगित करावे, अशी भाडेकरूची मागणी होती आणि न्यायालयाने ती नाकारली. टाळेबंदीत जे मिळाले नाही, ते रस्ता खोदल्यामुळे मिळेल असे मी कोणत्याही पक्षकाराला सांगणार नाही. महाराष्ट्रात एप्रिल २०२० मध्ये जे निघाले होते, त्यात घरभाड्याची वसुली किमान तीन महिने पुढे ढकलावी असे म्हटले होते. ती माफी नव्हती आणि दुकानांसाठीही नव्हती.

तेव्हा करारातच सवलतीचे कलम नसेल, तर ही सवलत हक्काची नाही, मागून मिळणारी आहे, आणि पत्राची भाषा त्यावरूनच ठरायला हवी. आपल्या मसुद्यातील “भाडे देणे मला शक्य नाही” हे वाक्य सर्वांत आधी काढा. उद्या वाद झाला तर भाडे थकवण्याची आपली लेखी कबुली म्हणून तेच वाक्य पुढे केले जाईल. त्याऐवजी “कराराप्रमाणे ठरलेले भाडे मी आजवर वेळेवर दिले आहे आणि पुढेही देण्यास बांधील आहे” असे लिहून मग विनंती करावी. सवलत लेखी मिळेपर्यंत पूर्ण भाडे, बँकेतूनच, भरत राहावे.

सुगरण | २३ मार्च, सकाळी ७.५०

आमचे फरसाण आणि मिठाईचे दुकान आहे. आमच्याकडे गेल्या वर्षी जलवाहिनीसाठी रस्ता खोदला तेव्हा ऐन गणपतीत दुकानासमोर मातीचा ढीग होता. मोदकांच्या ऑर्डरी घरपोच दिल्या म्हणून निभावले. मला वाटते, नुकसानभरपाई मागायची तर ती पालिकेकडे मागावी. बिचाऱ्या मालकीणबाईंना का त्रास द्यायचा? आम्ही ओळीतल्या सर्व दुकानदारांनी मिळून निवेदन दिले होते. भरपाई काही मिळाली नाही, पण चरावर रुंद आणि कठडा असलेले पत्रे तेवढे बसवून मिळाले आणि त्याने बराच फरक पडला.

दिवाणी | २३ मार्च, सकाळी ९.२०

सुगरण यांचा मुद्दा वेगळा असला तरी उपयोगाचा आहे. पालिकेला निवेदन अवश्य द्यावे, पण ते स्वतंत्र कागदावर. भाडेसवलतीच्या पत्रात पालिकेविरुद्धची तक्रार आली, की मालक सहज म्हणतात, “मग त्यांच्याकडूनच घ्या.” त्या निवेदनाची पोच घेतलेली प्रत मात्र मालकांच्या पत्राला जोडता येते, कारण आपण हातावर हात ठेवून बसलेलो नाही, हे तिच्यातून आपोआप दिसते.

तळमजला | २३ मार्च, सकाळी ११.३०

मी दुसऱ्या बाजूचा माणूस आहे. माझे तीन गाळे भाड्याने दिलेले आहेत आणि उड्डाणपुलाच्या कामाच्या वेळी मला अशी दोन पत्रे आली होती. एकाला मी सवलत दिली, दुसऱ्याला दिली नाही, आणि त्यामागे आपुलकीपेक्षा पत्रांचाच वाटा अधिक होता.

ज्याला नाही म्हटले, त्याच्या पत्रात शेजारच्या मालकाने किती सोडले, पेपरात काय छापून आले आणि मी किती भाग्यवान आहे, एवढेच होते. त्याची विक्री किती घटली हे त्याने लिहिले नव्हते. विचारल्यावर “धंदा झिरो झाला” म्हणाला. झिरो धंद्यात माणूस दोन पोरे कामाला ठेवत नाही, हे मलाही कळते. दुसऱ्याने त्या महिन्याचे भाडे भरले, पावती घेतली आणि चौथ्या दिवशी पत्र आणून दिले. त्यात आकडे होते, मुदत होती, आणि काम संपल्यावर काय करणार तेही होते. माझ्या घराचा हप्ता त्या भाड्यावर चालत असल्याने मला नेमकी रक्कम आणि नेमका कालावधी हवा होता. “पूर्ववत होईपर्यंत” या शब्दांना मी कधीच सही केली नसती, कारण धंदा पूर्ववत झाला की नाही हे सांगणारा एकटा भाडेकरूच असतो.

नोव्हेंबरपासूनचे मागणेही काढून टाकावे, असे सुचवतो. भरलेले भाडे परत मागितले की, मालकाला आपल्या खिशात कोणीतरी हात घातल्यासारखे वाटते. पुढच्या भाड्यात कपात मागितली तर तेवढे वाटत नाही. रक्कम एकच असली तरी.

खतावणी | २३ मार्च, दुपारी २.१०

मी लेखापाल आहे. विक्रीचे आकडे काय आहेत आणि ते कशाशी ताडले आहेत, हे रंगपेटी यांनी सांगावे. रंगाच्या धंद्यात दसरा-दिवाळीच्या आधी विक्री चढते आणि नंतर ती तशीही उतरते. ऑक्टोबरची जानेवारीशी तुलना केली तर घट भयंकर दिसेल, पण मालकांच्या घरातील कोणालाही एवढे समजत असेल की दिवाळीनंतर रंग कमीच खपतो. गेल्या वर्षीच्या त्याच महिन्यांशी तुलना करा.

रंगपेटी | २३ मार्च, रात्री ९.१५

सर्वांचे आभार. जीएसटी विवरणपत्रांवरून आकडे काढले. गेल्या वर्षी नोव्हेंबर ते फेब्रुवारी या चार महिन्यांत एकूण विक्री १८ लाख, म्हणजे सरासरी महिना ४.५ लाख होती. यंदा त्याच महिन्यांत नोव्हेंबर ३.४, डिसेंबर २.२, जानेवारी २ आणि फेब्रुवारी २ लाख, अशी एकूण ९.६ लाख झाली. जी उरली आहे ती मुख्यतः ठरलेल्या रंगाऱ्यांची आणि प्लंबरांची. त्यांना मी माल टेम्पोने पोहोचवतो. समोरून येणारे ग्राहक जवळजवळ थांबले आहेत. नफ्याचे सरासरी प्रमाण १५ टक्के धरतो. एक कामगार आहे, त्याचा पगार १४,००० आणि वीज व किरकोळ खर्च ३,५०० रुपये.

एक अडचण सांगायची राहिली. काकू कोणताही निर्णय घेण्यापूर्वी बंगळूरला असलेल्या मुलाला विचारतात. तो मला फारसा ओळखत नाही.

खतावणी | २३ मार्च, रात्री १०.३०

मग पत्र काकूंसाठी लिहिलेले असले तरी वाचणारा मुलगा आहे, हे धरून चला. ते फोनवरच्या छायाचित्रातून वाचले जाईल आणि समजावून सांगायला आपण तेथे नसाल. म्हणून एकच पान आणि सर्व माहिती त्यातच.

आपल्या आकड्यांत खरी गोष्ट विक्रीच्या घटीची नाही. “४७ टक्के घट” असे लिहिले तर ऐकणारा म्हणेल, निम्मी विक्री तरी चालू आहे ना. साडेचार लाखांच्या विक्रीवर आपल्या हातात ६७,५०० रुपये येत होते. त्यातून ३०,००० भाडे आणि १७,५०० इतर खर्च गेल्यावर २०,००० उरत होते. जानेवारी-फेब्रुवारीत दोन लाखांवर ३०,००० हातात आले, म्हणजे सगळा नफा भाड्यातच गेला, आणि १७,५०० आपण घरातून घातले. विक्री निम्म्याहून थोडी खाली आली, पण शिल्लक वीस हजारांवरून उणे साडेसतरा हजारांवर गेली. हे दोनच महिने पत्रात मांडावेत. वाचणाऱ्याला हिशेब पटकन कळेल आणि विवरणपत्रे जोडलेली असल्याने शंकाही राहणार नाही.

मागणीही यातूनच ठरते. निम्मे भाडे, म्हणजे १५,००० ची सूट मागितली तर जवळजवळ सगळा तोटा काकूंवर टाकल्यासारखे होते. १२,००० मागा. मग साडेपाच हजारांचा तोटा आपण सोसत आहात, हे पत्रात लिहिता येते.

विवेक_ना | २३ मार्च, रात्री ११.००

कायद्याबाबत दिवाणी यांचे म्हणणे मान्य. पण एक सुचवतो : सवलत मागण्याऐवजी अनामत रकमेतून दोन-तीन महिन्यांचे भाडे वळते करून घ्यावे. कोणालाच काही सोडावे लागणार नाही.

खतावणी | २३ मार्च, रात्री ११.२५

त्याने रोख पैशांची तंगी काही काळ टळेल, पण भाडे कमी होणार नाही. अनामत नंतर भरून द्यावी लागेलच. शिवाय मालकीणबाई जीएसटीखाली नोंदणीकृत नसतील आणि रंगपेटी नियमित करदाते असतील, तर ऑक्टोबर २०२४ पासून या भाड्यावरचा १८ टक्के कर भाडेकरूनेच थेट भरायचा असतो. अनामतीतून वळते केलेले भाडेही ३०,००० च राहते आणि कर ५,४०० च लागतो. भाडे खरोखर १८,००० झाले तर तो ३,२४० होतो. त्याची वजावट नंतर मिळते हे खरे, पण आधी रोखीने भरावा लागतो. म्हणून सवलत मिळाल्यास पावती १८,००० ची हवी. पावती ३०,००० ची आणि १२,००० हातात परत, असा व्यवहार करू नये.

खडी_वाळू | २४ मार्च, सकाळी ८.०५

मी रस्त्यांच्या कामांवर देखरेखीचे काम करतो. मुदत ठरवताना एक लक्षात घ्यावे की, “रस्ता पूर्ण झाला” असा एकच दिवस नसतो. गटाराची भिंत आणि झाकणे, खालचा कोरड्या मिश्रणाचा थर, वरचे काँक्रीट, मग पाणी मारून पक्के करणे, आणि शेवटी पदपथ, असे टप्पे असतात. वरचे काँक्रीट पडले की लोकांना वाटते रस्ता झाला, परंतु त्यानंतर सर्वसाधारणपणे २८ दिवस वाहने सोडत नाहीत. उलट पदपथाचे काम रेंगाळले तरी गाड्या दुकानासमोर थांबू शकतात. आपल्या बाजूचा चर बुजला आहे का आणि कोणता थर पडला आहे, हे सांगितले तर अंदाज देता येईल.

रंगपेटी | २४ मार्च, सकाळी ८.४०

गटाराच्या भिंती झाल्या आहेत, झाकणे अजून बसायची आहेत. खालचा थर रस्त्याच्या दुसऱ्या टोकाकडून सुरू झाला आहे. फलकावर काम संपण्याची तारीख ३१ मे अशी आहे.

खडी_वाळू | २४ मार्च, सकाळी ९.३०

म्हणजे वरचे काँक्रीट एप्रिलअखेर पडले तर मेअखेर गाड्या सुरू होतील. ते मेच्या मध्यावर गेले तर जून निम्मा जाईल. पाऊस आधी आला आणि काँक्रीट राहिले, तर काम पावसाळाभर थांबून ऑक्टोबरमध्येच पुन्हा सुरू होण्याची शक्यता असते. अशा वेळी वाहने जाण्यापुरते तात्पुरते भरून देतात, पण त्यावर चिखल होतो. फलकाचे छायाचित्र तारखेसह काढून ठेवा, कारण मुदतवाढ मिळाली की फलक बदलतो किंवा नाहीसाच होतो.

दिवाणी | २४ मार्च, सकाळी १०.१०

ही माहिती फार मोलाची आहे, कारण सवलत कधी संपेल याची कसोटी तिच्यावरूनच ठरवता येते. धंदा पूर्ववत होणे ही कसोटी नको आणि रस्ता पूर्ण होणे हीही नको. “दुकानासमोरील बाजूने चारचाकी वाहनांची ये-जा सुरू होईल, त्याच्या पुढील महिन्याच्या १ तारखेपासून पूर्ण भाडे” असे लिहावे, म्हणजे काकू किंवा त्यांचा मुलगा एका फोनवर खात्री करून घेऊ शकतील. जोडीला बाहेरची हद्दही हवी : काहीही झाले तरी ३० जूनपर्यंतच. काम ऑक्टोबरपर्यंत लांबले तर जूनच्या मध्यावर पुन्हा बोलू, एवढे वाक्य पुरे. त्यात आजच जास्त काही मागू नये.

आणखी एक. जुलैतील ५ टक्के वाढीला हात लावू नका. उलट ती मूळ ३०,००० वरच मोजली जाईल, असे स्वतःहून लिहा. सवलतीच्या काळातील १८,००० हेच नवे भाडे आहे, असा दावा भाडेकरू पुढे करील, ही भीती मालकाच्या मनात असते. ती आपण न विचारता दूर केली तर मुलाचा निम्मा विरोध तेथेच संपेल.

होकार आला तर तो लेखी घ्यावा. ज्याचे येणे आहे त्याला ते अंशतः सोडून देण्याची मुभा करार कायद्याचे कलम ६३ देते आणि त्यासाठी बदल्यात काही मिळायलाच हवे असे नाही. मात्र मूळ करार नोंदणीकृत असताना “काकू तोंडी हो म्हणाल्या होत्या” हे पुढे सिद्ध करणे जवळजवळ अशक्य असते. म्हणून पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर “वरील सवलत मान्य” असे लिहून त्यांची सही व तारीख घ्यावी.

रंगपेटी | २४ मार्च, रात्री १०.२०

सर्वांच्या सूचना घेऊन नवा मसुदा तयार केला आहे.

“दिनांक : २ एप्रिल

आदरणीय काकू यांस,
सा. न. वि. वि.

विषय : रस्त्याच्या कामाच्या काळात गाळ्याच्या भाड्यात तात्पुरती सवलत मिळण्याबाबत विनंती.

आपला गाळा मी जुलै महिन्यात सुरू झालेल्या पाच वर्षांच्या करारानुसार वापरत असून, आजपर्यंतचे सर्व भाडे, एप्रिल महिन्याचे धरून, वेळेवर बँकेत जमा केले आहे. कराराप्रमाणे ठरलेले भाडे देण्यास मी बांधील आहे. पुढील मजकूर हा केवळ विनंती म्हणून लिहीत आहे.

नोव्हेंबरपासून दुकानासमोरचा रस्ता काँक्रिटीकरणासाठी खोदलेला असून, वाहन दुकानाजवळ येऊ शकत नाही. माझा माल जड असल्यामुळे समोरून येणारे ग्राहक जवळजवळ थांबले आहेत. गेल्या वर्षी जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास महिन्याला सरासरी साडेचार लाखांची विक्री होत असे. यंदा या दोन महिन्यांत ती प्रत्येकी दोन लाख झाली. त्यावर मिळालेला ३०,००० रुपयांचा नफा भाड्यात गेला आणि पगार व विजेचे १७,५०० रुपये मी घरातून भरले. विवरणपत्रांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत.

मे आणि जून या दोन महिन्यांसाठी भाडे ३०,००० ऐवजी १८,००० रुपये घ्यावे, अशी माझी विनंती आहे. यापूर्वी भरलेल्या भाड्याविषयी माझे काहीही मागणे नाही. दुकानासमोरून चारचाकी वाहनांची ये-जा त्याआधी सुरू झाली, तर पुढील महिन्याच्या १ तारखेपासून मी पूर्ण भाडे देईन. ३० जूननंतर ही सवलत आपोआप संपेल, आणि १ जुलैची ५ टक्के वाढ मूळ ३०,००० रुपयांवरच मोजून ३१,५०० रुपये देईन. काम पावसामुळे अपुरे राहिले, तर जूनच्या मध्यावर आपल्याला भेटून पुढचे बोलावे, असा विचार आहे. कराराच्या इतर सर्व अटी आहेत तशाच राहतील.

माल पोहोचवण्यासाठी मी टेम्पो सुरू केला आहे आणि चरावर रुंद पत्रे टाकण्यासाठी पालिकेला दिलेल्या निवेदनाची प्रत जोडली आहे. आपली संमती असल्यास सोबतच्या प्रतीवर सही करून द्यावी. आपण सवडीप्रमाणे, दादांशी बोलून, १५ एप्रिलपर्यंत कळवावे.

आपला नम्र”

तळमजला | २५ मार्च, सकाळी ७.३०

मालक म्हणून मला हे पत्र आवडले असते. एप्रिलचे भाडे भरून मग पत्र देण्याची कल्पना चांगली आहे, आणि एप्रिल सोडून दिल्यामुळे मागणी २४,००० रुपयांवर आली हेही बरे झाले. “गेल्या वर्षी जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास” हे मात्र सैल आहे. चार महिन्यांची सरासरी दोन महिन्यांची म्हणून सांगितल्यासारखे वाटते. मुलगा जोडलेली प्रत उघडील आणि तेथेच अडेल. “गेल्या वर्षी नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात” असे स्पष्ट लिहा.

विवेक_ना | २५ मार्च, सकाळी ८.१५

गाळा रिकामा झाला तर काकूंचे काय होईल, हे पत्रात कोठेच नाही. खोदलेल्या रस्त्यावरचा गाळा तीन महिने रिकामा राहिला तर ९०,००० जातील, वर दलाली आणि नव्या कराराचा खर्च. २४,००० समोर ९०,००० ठेवले की प्रश्नच मिटतो.

तळमजला | २५ मार्च, सकाळी ८.४५

हिशेब बरोबर आहे, आणि मालक तो पत्र हातात घेण्यापूर्वीच करतो. पण भाडेकरूने तो लिहून दिला की त्याला धमकीचा वास येतो. पहिल्या मसुद्यातील “वेगळा विचार करावा लागेल” हे वाक्य म्हणूनच गेले ते चांगले झाले.

खतावणी | २५ मार्च, सकाळी ९.२०

येथे मी तळमजला यांच्याशी पूर्ण सहमत नाही. काकूंसाठी ते खरे असेल, परंतु बंगळूरला बसलेल्या मुलाला आमच्याकडचे गाळे किती दिवस रिकामे राहतात याची कल्पना असेलच असे नाही. “या ओळीतील दोन गाळे डिसेंबरपासून बंद आहेत” असे वस्तुस्थितीचे एक वाक्य, ते खरे असेल तर, घालायला हरकत नसावी.

सुगरण | २५ मार्च, सकाळी १०.००

मला तर वाटते पत्राआधी काकूंना जाऊन भेटावे. ज्यांना आपण दर महिन्याला भेटतो, त्यांच्या हातात एकदम कागद ठेवला तर त्यांना वाटेल, हा आता कोर्टात जाणार. आणि “काकू” लिहिले ते फार चांगले केले. “माननीय महोदया” वाचून मीच घाबरले असते.

दिवाणी | २५ मार्च, सकाळी ११.१०

भेटून बोलावे आणि त्याच भेटीत पत्र द्यावे, असे सुचवतो. संबोधन काकू असले तरी करारात त्यांचे जे पूर्ण नाव आहे ते, गाळा क्रमांक आणि कराराचा नोंदणी क्रमांक पत्राच्या वरच्या भागात यायलाच हवा, नाहीतर सही असूनही हा कागद कोणत्या कराराविषयी आहे याची शंका काढता येईल. गाळा जर काकू आणि मुलगा दोघांच्या नावावर असेल, तर सह्याही दोघांच्या लागतील. ते एकदा करारात पाहून घ्यावे.

बंद गाळ्यांच्या वाक्याविषयी माझे मत तळमजला यांच्याकडे झुकते, पण हा कायद्याचा प्रश्न नाही. माणसे आपण ओळखता.

रंगपेटी | १४ एप्रिल, रात्री ८.५०

करार पाहिला, तो एकट्या काकूंच्या नावावर आहे. २ एप्रिलला त्यांना भेटून पत्र दिले. बंद गाळ्यांचे वाक्य पत्रात घातले नाही. बोलताना तो विषय काकूंनीच काढला. मुलाचा फोन परवा आला. त्याने तुलनेच्या महिन्यांविषयी आणि जुलैच्या वाढीविषयी विचारले आणि मे महिन्याची सवलत मान्य केली. जूनसाठी त्याचे म्हणणे असे आहे की, तोवर वाहने सुरू झालेली असतील, म्हणून १२,००० ऐवजी ६,००० च सोडू, आणि ती रक्कमही माफ न करता दिवाळीनंतर तीन हप्त्यांत परत द्यावी. काकूंनी मे महिन्यापुरती प्रतीवर सही दिली आहे.

जूनचे ६,००० रुपये पुढे ढकलले तर त्या महिन्याची पावती २४,००० ची घ्यायची की ३०,००० ची, आणि त्यावरचा कर केव्हा भरायचा, हे खतावणी यांनी सांगितल्यास त्याला उत्तर लिहीन.

खतावणी | १४ एप्रिल, रात्री ९.४०

ढकललेली रक्कम ही जूनच्याच भाड्याचा भाग राहते, म्हणून भाडे ३०,००० च, असे माझे मत आहे. कर मात्र जूनमध्ये पूर्ण रकमेवर भरायचा की हप्ते देताना त्या-त्या वेळी, याविषयी आपल्या करसल्लागाराला हा कागद दाखवूनच ठरवा, कारण पावती कोणत्या तारखेची आणि किती रकमेची निघते यावर ते अवलंबून राहील. त्याआधी मुलाला एकदा विचारून पाहा की, पुढे ढकललेल्या ६,००० ऐवजी ३,००० ची सरळ माफी चालेल का. दोघांनाही हिशेब ठेवायला ते सोपे जाईल.

खडी_वाळू | १५ एप्रिल, सकाळी ७.१५

झाकणे बसली का?

रंगपेटी | १५ एप्रिल, सकाळी ८.००

आमच्या दुकानासमोरची बसली, पुढच्या चार दुकानांची राहिली आहेत. खालचा थर अजून आमच्यापर्यंत पोहोचलेला नाही. मुलाला ३,००० च्या माफीविषयी आज संध्याकाळी विचारतो.